ग्रॅच्युइटीचा हिशेब पुन्हा मांडा : कार्मिक विभाग, लेखा विभाग आणि ग्रॅच्युइटी ट्रस्टच्या विश्वस्तांना खुले पत्र

स.न.वि.वि.

आपल्या विभागाने निवृत्त कामगारांना दिलेल्या उत्तरात एक वाक्य आहे : ‘पूर्ण व अंतिम पावतीवर सही झाल्यानंतर ग्रॅच्युइटीची पुनर्गणना करता येणार नाही.’ हे पत्र त्या वाक्यामुळे लिहावे लागत आहे. आम्ही निवृत्त कामगारांची हिशेबपत्रके तपासून देतो. आमच्यातल्या काहींची स्वतःची पत्रकेही त्याच गठ्ठ्यात आहेत, त्यामुळे आम्ही तटस्थ असल्याचा आव आणत नाही. कंपनीचे नाव मात्र इथे मुद्दाम घेतलेले नाही. कारण हे पत्र बाहेरच्यांनीही वाचावे आणि आपापले पत्रक काढून ताडून पाहावे, अशी आमची इच्छा आहे.

या पत्रात ज्यांचा विचार केला आहे ते सगळे 21 नोव्हेंबर 2025 पूर्वी, म्हणजे सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्याआधी निवृत्त झाले. त्यांचा हिशेब ग्रॅच्युइटी प्रदान अधिनियम, 1972 प्रमाणेच व्हायला हवा. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, रोजचा दर काढायला सव्वीसचा भागाकार आणि सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरण्याचा नियम नव्या संहितेतही कायम आहेत, पण तिथे ‘वेतना’ची व्याख्या बदलली आहे. म्हणून दोन्हींची सरमिसळ आम्ही करत नाही आणि आपणही करू नये.

एकच पत्रक घेऊ. कामगाराच्या संमतीने आकडे देत आहोत, नाव देत नाही. रुजू तारीख 17 ऑगस्ट 1996, सेवेचा शेवटचा दिवस 31 मार्च 2025. मूळ पगार 31,200 रुपये आणि महागाई भत्ता 9,100 रुपये, एकूण दर 40,300 रुपये. घरभाडे भत्ता व इतर भत्ते वेगळे आहेत. ते ग्रॅच्युइटीत धरत नाहीत, आणि आपणही धरलेले नाहीत. तिथे आमची तक्रार नाही. आपण दिलेली रक्कम 4,55,000 रुपये.

ही रक्कम कशी आली, हे पत्रकात कुठेही लिहिलेले नाही. आमची पहिली तक्रार हीच. एका ओळीत रक्कम, खाली सही, आणि संपले. मग उलटा हिशेब करावा लागतो. 4,55,000 ला 29 ने भागले तर 15,689 रुपये आणि वर काही पैसे येतात. हा आकडा कुठेच बसत नाही. 28 ने भागले तर बरोबर 16,250 येतात, म्हणजे आपण 28 वर्षे धरली. आता हे 16,250 पंधरा दिवसांचे मानून महिन्याचा पगार काढू. 15 ने भागून 26 ने गुणले तर 28,166 रुपये 67 पैसे. असा पगार या माणसाच्या कोणत्याच स्लिपवर नाही. 30 ने गुणले तर 32,500. हा आकडा मात्र सापडतो : मार्च 2025 च्या पगार स्लिपवर, ‘कमाई’ या रकान्यात.

एका रकमेत तीन चुका निघाल्या. त्या एकमेकींवर चढलेल्या असल्यामुळे एकेक सुटी करून सांगतो.

पहिली चूक ‘शेवटचा पगार’ म्हणजे काय, याची आहे. मार्चमध्ये या कामगाराने सहा दिवस बिनपगारी रजा घेतली. 40,300 भागिले 31, गुणिले 25, बरोबर 32,500. आपल्या संगणकाने शेवटच्या महिन्यात हातात पडलेला मूळ पगार आणि महागाई भत्ता उचलला आणि त्यावर अठ्ठावीस वर्षांची ग्रॅच्युइटी काढली. कायद्यात मात्र शेवटी घेतलेल्या वेतनाचा दर म्हटले आहे. दर म्हणजे पूर्ण महिना भरला असता तर जो मिळाला असता तो. सहा दिवसांच्या रजेचा पगार मार्चमध्ये एकदा कापला गेला, तो बरोबरच होता. तीच रजा ग्रॅच्युइटीत पुन्हा अठ्ठावीस वेळा कापली गेली. पगार स्लिपवर ‘दर’ आणि ‘कमाई’ असे दोन रकाने शेजारीशेजारी असतात. हिशेब पहिल्यावरून करायचा आहे. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे : निवृत्तीच्या महिन्यात बिनपगारी रजा, आजारपण किंवा मधल्याच तारखेला निवृत्ती असेल, तर हा आकडा आधी बघावा.

दर दुरुस्त केला की बाकी सगळे आपल्याच पद्धतीने ठेवूनही रक्कम 5,64,200 होते. फक्त या एका रकान्यापायी 1,09,200 रुपये कमी गेले.

दुसरी चूक 30 चा भागाकार. याबद्दल वाद घालायला जागाच उरलेली नाही. महिन्याचा पगार हा कामाच्या दिवसांचा असतो, साप्ताहिक सुट्ट्या वजा जाता महिन्यात 26 दिवस उरतात, म्हणून रोजचा दर पगाराला 26 ने भागून काढायचा. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये श्री दिग्विजय वुलन मिल्सच्या खटल्यात हेच धरले, 1984 मध्ये जीवनलाल (1929) लिमिटेडच्या खटल्यात पुन्हा तेच सांगितले, आणि 1987 च्या दुरुस्तीने ते कलम 4(2) खालच्या स्पष्टीकरणात थेट लिहिले गेले. ‘आमच्याकडे पाच दिवसांचा आठवडा आहे’ किंवा ‘मार्च 31 दिवसांचा होता’ यांपैकी कशानेही 26 बदलत नाही. मासिक पगारावरच्या माणसासाठी तो ठरलेला आकडा आहे.

30 ने भागले की देय शंभर रुपयांच्या जागी सत्त्याऐंशीपेक्षाही थोडे कमी हातात येतात, आणि हे प्रत्येक वर्षासाठी होते. आपल्या उदाहरणात 40,300 भागिले 26 म्हणजे 1,550 रुपये रोज. पंधरा दिवसांचे 23,250. आपली 28 वर्षेच धरली तरी 6,51,000. म्हणजे आणखी 86,800 रुपये.

तिसरी चूक वर्षांची. रकमेने ती सर्वांत लहान, पण पत्रकांच्या गठ्ठ्यात सर्वांत जास्त वेळा सापडणारी. म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळतो.

नियम असा : प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांचा पगार, आणि शेवटी उरलेला भाग सहा महिन्यांहून जास्त असेल तर तोही पूर्ण वर्ष धरायचा. सहा महिने किंवा त्याहून कमी असेल तर तो सोडून द्यायचा. वर्ष रुजू तारखेपासून मोजायचे, जानेवारीपासून नाही आणि एप्रिलपासूनही नाही. 17 ऑगस्ट 1996 पासून 16 ऑगस्ट 2024 पर्यंत 28 वर्षे पूर्ण झाली. पुढे 17 ऑगस्ट ते 16 मार्च सात महिने, आणि 17 ते 31 मार्च पंधरा दिवस. म्हणजे 28 वर्षे, 7 महिने, 15 दिवस. उरलेला भाग सहा महिन्यांच्या वर आहे, म्हणून 29 वर्षे. 23,250 गुणिले 29, म्हणजे 6,74,250 रुपये.

आपण 28 का धरले असावे, याचा अंदाज आम्हाला आहे. प्राप्तिकर कायदा, 1961 च्या कलम 10(10) मध्ये एक वेगळे सूत्र आहे. ग्रॅच्युइटी कायदा ज्यांना लागू नाही, त्यांच्या ग्रॅच्युइटीचा किती भाग करमुक्त, हे ठरवायचे ते सूत्र. त्यात मागच्या दहा महिन्यांची सरासरी घेतात, महिन्याचा अर्धा पगार धरतात आणि अपुरे वर्ष, मग ते अकरा महिन्यांचे का असेना, सोडून देतात. अर्धा पगार म्हणजेच तीसपैकी पंधरा. 30 चा भागाकार आणि गाळलेले महिने या दोन्ही गोष्टी एकाच पत्रकात भेटल्या, तर बहुतेक वेळा कुणीतरी करमुक्तीचे सूत्र देय रकमेसाठी वापरलेले असते. कंपनीला ग्रॅच्युइटी कायदा लागू आहे, हे आपणच दरवर्षीच्या नोंदींत दाखवता. मग हे सूत्र इथे आले कुठून? सरकारी नोकरांचा नियम तर आणखी तिसरा : तिथे सहा-सहा महिन्यांचे टप्पे मोजतात आणि तीन महिने किंवा वरचा तुकडा अर्धे वर्ष धरतात. तोही इथे चालत नाही. आमच्यातल्याच एकाने तसा दावा केला होता, तो आम्हीच मागे घ्यायला लावला.

आणि नियम दोन्ही बाजूंनी कापतो, हेही सांगायला हवे. 1 जानेवारी 2000 ला रुजू होऊन 30 जून 2024 ला निवृत्त झालेल्या माणसाची सेवा 24 वर्षे आणि नेमके सहा महिने. कायद्यात सहा महिन्यांहून ‘जास्त’ असा शब्द आहे. म्हणून त्याला 24 वर्षेच मिळतील, 25 नाही. शेवटचा दिवस 1 जुलै असता तर 25 झाली असती. अशा एका दिवसावरच्या काही पत्रकांत आपल्या संगणकाची पद्धत कंपनीच्याच विरुद्ध जाते, कारण एकूण दिवसांना 365 ने भागून आलेला आकडा तो ढोबळपणे पूर्णांक करतो. चोवीस वर्षांत सहा-सात लीप दिवस पडतात. ते धरून 365 ने भागले की सहा महिन्यांच्या अलीकडे असलेला माणूसही पलीकडे जातो. आमची मागणी कायद्याप्रमाणे मोजणीची आहे, कामगाराला सोयीच्या मोजणीची नाही. म्हणून ज्यांना आपल्या पद्धतीने चुकून एक वर्ष जास्त मिळाले, त्यांची नावे आमच्याकडच्या यादीत नाहीत आणि ती आम्ही घालणारही नाही.

तारखा तारखांनी मोजा. एक्सेलमध्ये चार ओळींचे काम आहे. A2 मध्ये रुजू तारीख, B2 मध्ये सेवेचा शेवटचा दिवस, C2 मध्ये मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांचा दर :

```
D2: =DATEDIF(A2,B2+1,"Y")
E2: =EDATE(A2,12*D2+6)
F2: =D2+IF(B2>=E2,1,0)
G2: =C2*15*F2/26
```

D2 पूर्ण वर्षे देते. शेवटचा दिवसही सेवेचाच असतो, म्हणून त्यात एक मिळवला आहे. तो मिळवायला विसरले की वर्ष पूर्ण होण्याच्या दिवशीच निवृत्त झालेल्याचे एक वर्ष D2 मध्ये कमी दिसते. E2 ही उरलेले सहा महिने संपल्यानंतरची पहिली तारीख. शेवटचा दिवस त्या तारखेवर किंवा पुढे असेल तरच F2 मध्ये एक वर्ष वाढते. आमच्या उदाहरणात E2 ला 17 फेब्रुवारी 2025 येते, आणि 31 मार्च त्याच्या पुढे आहे. G2 मध्ये गुणाकार आधी आणि 26 चा भागाकार शेवटी आहे, तेही मुद्दाम. 1,550 सुटसुटीत आला, पण एरवी रोजच्या दरात पैसे येतात. तो दर आधीच रुपयात छाटला तर पंधरा दिवस आणि तीस वर्षांच्या गुणाकारात काहीशे रुपये जातात. रोजचा दर पूर्णांक करायला कायद्याने कुठेही सांगितलेले नाही. पूर्णांकाचा नियम फक्त वर्षांना आहे.

जाता जाता : हा सहा महिन्यांचा नियम रकमेसाठी आहे, पात्रतेसाठी नाही. ग्रॅच्युइटीला लागणारी सलग पाच वर्षे साडेचार वर्षांना ‘वर ओढून’ पुरी होत नाहीत. तिथे वर्षाला 240 दिवस कामाची वेगळी मोजणी लागते. आमच्या यादीतला प्रत्येक माणूस दहा वर्षांच्या वरचा आहे, तेव्हा तो प्रश्न इथे येत नाही.

रुजू तारखेबद्दल मात्र एक तक्रार उरते. काही पत्रकांत सेवा कायम झाल्याच्या तारखेपासून मोजली आहे, तर दोघांच्या बाबतीत विमा कंपनीच्या सामूहिक योजनेत नाव चढल्याच्या तारखेपासून. परिवीक्षेचा काळ ही सेवाच आहे. विमा योजना ही आपण पैशाची तरतूद कशी करता एवढ्यापुरती गोष्ट आहे. तिथे नाव उशिरा गेले म्हणून माणसाची नोकरी उशिरा सुरू होत नाही. ‘विमा कंपनीकडून एवढेच आले’ हे उत्तर आपण तिघांना दिले आहे. विमा कंपनी आपण पाठवलेल्या तक्त्यावरून पैसे पाठवते. देणे आपले आहे. तसेच संपाचे आणि बिनपगारी रजेचे दिवस एकूण सेवेतून वजा केलेली पत्रकेही आहेत. संप, टाळेबंदी, आजारपण, रजा यांनी सेवेत खंड पडत नाही, असे कलम 2-अ सांगते. विनापरवाना गैरहजेरीसुद्धा आपोआप खंड होत नाही. स्थायी आदेशांप्रमाणे तसा लेखी आदेश निघालेला असावा लागतो. असे आदेश असतील तर प्रती द्या, नसतील तर दिवस परत जोडा.

आता सहीबद्दल. ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या कागदावर या सगळ्यांनी सही केली, हे खरे आहे. त्या सहीशिवाय धनादेश मिळत नव्हता, हेही तितकेच खरे. पण वाद तिथवर नेण्याची गरज नाही. अधिनियमाचे कलम 14 असे आहे की, त्याच्याशी विसंगत असलेला कोणताही करार किंवा दस्तऐवज त्याच्यापुढे टिकत नाही. जास्त ग्रॅच्युइटी देणारा करार चालतो, त्याला कलम 4(5) ची मुभा आहे. कमी देणारा चालत नाही. पावतीवरची सही मिळालेल्या 4,55,000 रुपयांची पोच आहे. उरलेल्या 2,19,250 रुपयांची नाही.

रकमेची काळजी वाटत असेल तर व्याजाची जास्त करावी. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते, कामगाराने अर्ज केला असो वा नसो. रक्कम ठरवून त्याला आणि नियंत्रक प्राधिकाऱ्याला लेखी कळवणे हे मालकाचे काम. मुदत चुकली की देय तारखेपासून सरळव्याज लागते. 1 ऑक्टोबर 1987 च्या अधिसूचनेने त्याचा दर वर्षाला 10 टक्के ठरला आहे. विलंब कामगाराच्या चुकीने झाला असेल आणि प्राधिकाऱ्याने तशी लेखी परवानगी दिली असेल, तरच व्याज टळते. 2,19,250 वर वर्षाला 21,925 रुपये. हे एका माणसाचे झाले.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

1. पुनर्गणना होणार नाही, हे उत्तर लेखी मागे घ्यावे.

2. ज्यांनी अर्ज केले त्यांचीच नव्हे, तर ज्या ज्या पत्रकात 30 चा भागाकार किंवा गाळलेले महिने आहेत त्या सगळ्यांची फेरगणना करावी. मयत कामगारांच्या वारसांची पत्रकेही त्यात यावीत.

3. प्रत्येकाला नवे पत्रक द्यावे, आणि त्यात पाच गोष्टी वेगवेगळ्या ओळींत असाव्यात : रुजू तारीख, सेवेचा शेवटचा दिवस, वर्षे-महिने-दिवसांत सेवा आणि त्यावरून धरलेली वर्षे, मूळ पगार व महागाई भत्त्याचा दर, आणि पूर्ण गुणाकार. पाच ओळी असत्या तर हे पत्र लिहावे लागले नसते.

4. फरकाची रक्कम मूळ देय तारखेपासूनच्या व्याजासह हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत खात्यात जमा करावी. 20 लाख रुपयांच्या कमाल मर्यादेला ज्यांची रक्कम पोचते, त्यांची तशी नोंद पत्रकात करावी.

5. एखाद्याचा दावा आपल्याला मान्य नसेल, तर तोंडी न सांगता कारणांसह लेखी नकार द्यावा. नकार हातात असला की पुढचा अर्ज नीट करता येतो.

30 दिवसांत उत्तर आले नाही, तर प्रत्येकजण स्वतंत्रपणे नमुना एन मध्ये नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज करेल. या अर्जाला 90 दिवसांची मुदत असते. पुरेसे कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर आम्ही बसणार नाही. अर्ज भरून तयार आहेत, रुजू पत्रांच्या आणि शेवटच्या तीन पगार स्लिपांच्या प्रती जोडल्या आहेत. आपल्या लेखा विभागातल्या कुणाला आमचा हिशेब तपासायचा असेल, तर वरच्या चार ओळी आणि सेवानोंदींचा तक्ता घेऊन कोणत्याही कामाच्या दिवशी बसू. आमची चूक निघाली तर ती त्या त्या माणसाला आम्हीच कळवू.

कळावे.

आपले,
निवृत्त कामगारांची हिशेब तपासणी समिती